मुलाखतीच्या सरावात मी फक्त ऐकत होते

भाच्याला डिप्लोमानंतरची पहिली मुलाखत द्यायची होती. बोलताना त्याचे शब्द अडतात, लहानपणापासूनच. सरावासाठी समोर बसायला त्याने मला बोलावलं आणि आधीच सांगून टाकलं, "मावशी, शब्द मला माहीत असतो. तो बाहेर यायला वेळ लागतो, एवढंच. तू फक्त थांब."

पहिलाच प्रश्न नावाचा, आणि तोच त्याला सगळ्यात जड. एरवी एखादा शब्द अडणार असं वाटलं की तो दुसरा वापरून पुढे जातो. नावाला कुठला पर्यायी शब्द? त्याचं नाव 'प'ने सुरू होतं. ओठ घट्ट मिटले, मानेची शीर ताठ झाली, आवाज नाहीच. तो आठवत असतो तेव्हा चेहरा सैल असतो आणि नजर इकडेतिकडे फिरते, शब्द अडतो तेव्हा असा ताण दिसतो. हा फरक कळल्यावर मला थांबणं सोपं गेलं.

नजरेचं मात्र शिकावं लागलं. टक लावून ओठांकडे पाहिलं तर तो आणखी आवळतो. अडल्या क्षणीच मी खाली कागदात पाहिलं, तर त्याला वाटतं आपल्यामुळे समोरचा अवघडला. म्हणून एरवी गप्पांत पाहते तसंच चेहऱ्याकडे पाहत राहायचं. भराभर मान हलवणंही टाळलं, कारण ती घाईच असते. 'हळू बोल', 'श्वास घे' हेही नाही. त्याने तो बोलण्याऐवजी बोलण्यावर पहारा ठेवायला लागतो.

एकदा त्याची आत्या शेजारी बसली होती. शिक्षण कुठे झालं, या प्रश्नावर तो "को-को-" करत असताना ती मायेनेच म्हणाली, "कॉलेजात!" त्याला म्हणायचं होतं कोल्हापूरला. त्याने मान डोलावली आणि विषय संपवला. दुरुस्त करायचं तर पुन्हा त्याच 'को'पाशी यावं लागलं असतं. खऱ्या मुलाखतीत उत्तर तसंच अर्धवट राहिलं असतं. मी पुढच्या प्रश्नावर न जाता विचारलं, "डिप्लोमा कुठून केलास?" या वेळी वेळ लागला, पण कोल्हापूर आलं, पाठोपाठ तिथल्या वर्कशॉपमधलं लेथचं कामही आलं. मी "छान बोललास" म्हटलं नाही, लेथवर काय बनवलंस ते विचारलं.

फोनवरचा सराव वेगळा करावा लागला. तिथे चेहरा दिसत नाही, त्यामुळे शांतता झाली की लोक "हॅलो, आवाज येतोय का?" म्हणतात आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मग आम्ही ठरवलं की तो आधीच सांगेल, "माझे शब्द अडतात, मध्ये शांतता झाली तर मी लाइनवरच आहे." मी फक्त एकदा "हो, ऐकतेय" म्हणायचं आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत गप्प राहायचं.

मुलाखतीतही त्याने हेच आधी सांगायचं ठरवलं. ते वाक्य मात्र त्याने स्वतःच लिहिलं, मी त्यातला एकही शब्द सुचवला नाही.