काकूंना मिळालेली सुट्टी

दृष्टिहीनांना मोबाइल वापरायला शिकवणं हे माझं काम. परवा नाशिकला एका घरी गेलो होतो. काकांची नजर काचबिंदूने गेली त्याला नऊ वर्षं झाली. बँकेत होते. सिनेमाचं वेड जुनं, पण आता काकू शेजारी बसून "तो खिडकीतून बघतोय, ती रडतेय" असं सांगत असतात.

तक्रार अशी होती की टीव्हीच्या सेटिंगमध्ये नातवाने ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे पडद्यावर काय घडतंय ते सांगणारा आवाज, चालू करून दिलं, तरी नेटफ्लिक्सवर काहीच ऐकू येत नाही. ही गल्लत नेहमीची. बहुतेक टीव्हींवर ते बटण केबल-डिशच्या चॅनेलांसाठी असतं. ॲपमधला वर्णनाचा ट्रॅक ॲपमध्येच निवडावा लागतो.

म्हणून फोनवरच सुरुवात केली. पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक चालू असल्याने पडद्यावर दोनदा टॅप केलं की सिनेमाची बटणं येतात. उजवीकडे बोट सरकवत Audio & Subtitles पर्यंत जायचं आणि पुन्हा दोनदा टॅप. ऑडिओच्या यादीत तीन नावं वाचली गेली: Hindi, English, English - Audio Description. काका कायम हिंदी डबिंग लावायचे आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. वर्णनाचा ट्रॅक ठरावीक भाषेचा असतो. या सिनेमाला तो फक्त इंग्रजीत होता, त्यामुळे हिंदीवर कितीही थांबलं तरी वर्णन येणार नव्हतं. यादीत ही ओळच नसेल, तर त्या सिनेमात आपल्याला दिसणाऱ्या भाषांत वर्णन नाही असं समजायचं. हिंदी सिनेमांच्या बाबतीत हे अनेकदा होतं.

"इंग्रजी चालेल हो, तीस वर्षं बँकेत तेच वाचलं," काका म्हणाले.

ट्रॅक बदलला. नायक-नायिका बोलायचे थांबले की तेवढ्या फटीत एक बाई शांत आवाजात सांगू लागली: तो पत्र घडी करून खिशात ठेवतो. संवाद सुरू झाले की ती गप्प. काकांनी मान जरा पुढे काढली. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. काकू मात्र वैतागल्या. त्यांना दिसतंय तेच पुन्हा कुणी सांगतंय. मग मी काकांना इयरफोन लावून दिला, काकूंसाठी टीव्हीवर तोच सिनेमा साध्या ट्रॅकवर, आवाज बारीक करून. दोन्हीकडे एकदम सुरू करताना थोडं मागेपुढे झालं, दुसऱ्या खेपेला जमलं.

शेवटच्या प्रसंगात कुणीच बोलत नाही, नुसतं संगीत आहे. काकांनी इयरफोन काढला.

"अगं, तो स्टेशनवरून परत फिरतो. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस."

"मला तिथे झोप लागते," काकू म्हणाल्या.