मामांचा 35 टक्क्यांचा व्हिडिओ

मामांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि मी राहतो नाशकात, म्हसरूळला. रविवारी बागेत जायचं, मामांना बोलतं करायचं आणि रात्री घरी बसून एडिटिंग करायचं, असा आमचा यूट्यूब चॅनल चालतो. गेल्या वर्षी गोडी छाटणीनंतरच्या पेस्टिंगवर, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काडीला ब्रशने औषध लावतात त्यावर, 14 मिनिटांचा व्हिडिओ टाकला. त्याआधी पानावरचा डाऊनी रोग कसा ओळखायचा यावर 3 मिनिटांचा टाकला होता. यूट्यूब स्टुडिओत पाहिलं तर लोक लहान व्हिडिओ सरासरी 58 टक्के बघत होते आणि मोठा 35 टक्के. मी मामांना सांगून टाकलं, "आता तीन मिनिटांच्या वर जायचं नाही."

मामा म्हणाले, "तीन मिनिटांत पेस्टिंग कसं सांगणार? डोळा कुठला धरायचा हेच सांगायला पाच मिनिटं लागतात." ते बरोबर होतं, पण मला आकडा खुपत होता.

पहिली चूक इथेच झाली. 14 मिनिटांचा 35 टक्के आणि 3 मिनिटांचा 58 टक्के हे दोन आकडे शेजारी ठेवायचेच नसतात. व्हिडिओ जितका लांब, तितके लोक वाटेत गळतात, आणि हे सगळ्यांचंच होतं. 35 टक्के चांगले की वाईट हे कळायला 14 मिनिटांचे बाकीचे व्हिडिओ कुठे उभे आहेत ते बघावं लागतं. स्टुडिओतल्या ग्राफवर "नेहमीपेक्षा चांगलं" वगैरे जे येतं, ती तुलना आपल्याच चॅनलवरच्या साधारण तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंशी असते. आमचा डाऊनीचा व्हिडिओ तिथे नेहमीपेक्षा चांगला होता. पण आधीचे लहान व्हिडिओ सुमार असतील तर त्यांच्यापुढे जाण्यात काय मोठं?

यूट्यूबवरच्या सगळ्या सारख्या लांबीच्या व्हिडिओंशी तुलना मला यूट्यूब अॅनालिटिक्स एपीआयमध्ये, म्हणजे चॅनलचे आकडे थेट मागवायच्या यूट्यूबच्या सोयीत मिळाली. कोड लिहावा लागला नाही. एपीआयच्या माहितीच्या पानावरच करून बघायची चौकट असते. चॅनलच्या खात्याने लॉगिन केलं आणि एवढंच भरलं:

```
ids=channel==MINE
startDate=2024-10-01
endDate=2024-12-31
dimensions=elapsedVideoTimeRatio
metrics=audienceWatchRatio,relativeRetentionPerformance
filters=video==VIDEO_ID;audienceType==ORGANIC
sort=elapsedVideoTimeRatio
```

`VIDEO_ID` च्या जागी आपल्या व्हिडिओचा आयडी टाकायचा, आणि एका वेळी एकच व्हिडिओ. `ORGANIC` मुद्दाम घातलं, कारण डाऊनीच्या व्हिडिओला मी थोडे पैसे देऊन जाहिरात केली होती आणि जाहिरातीतून आलेला माणूस वेगळ्याच घाईत असतो.

उत्तरात 0.01 पासून 1 पर्यंत शंभर ओळी येतात, म्हणजे व्हिडिओचे शंभर सारखे तुकडे. पहिला आकडा त्या तुकड्याला किती लोक बघत होते त्याचा. दुसरा 0 ते 1 मधला: त्याच जागी सारख्या लांबीच्या व्हिडिओंमध्ये आपला नंबर कुठे लागतो. 0.5 म्हणजे निम्मे आपल्यापेक्षा चांगलं धरून ठेवतात, निम्मे वाईट.

लहान व्हिडिओत दुसरा आकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत 0.34 ते 0.38 मध्येच घुटमळत होता. म्हणजे ज्या 58 टक्क्यांवर मी खूश होतो, त्याच लांबीच्या शंभरातले साठ-पासष्ट व्हिडिओ त्याहून बरे होते. मोठ्याचा कागदावर उतरवून काढला तेव्हा असा दिसला: 0.04 ला लोक 0.62, तुलना 0.31. 0.10 ला लोक 0.46, तुलना 0.35. 0.30 ला लोक 0.38, तुलना 0.58. अर्ध्यावर लोक 0.33 आणि तुलना 0.66.

तुलनेचा आकडा 0.35 वरून 0.66 वर गेलेला बघून मला वाटलं, सोडून गेलेले लोक परत आले. मग पहिला आकडा पाहिला, तो तर खालीच चाललेला! परत कुणी आलं नव्हतं. आमचेही लोक गळतच होते, पण बाकीच्या 14 मिनिटांच्या व्हिडिओंचे अधिक वेगाने गळत होते, म्हणून आमचा नंबर वर सरकत होता. हे डोक्यात बसायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. तेव्हापासून दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय मी काही बोलत नाही.

आता खरी जागा दिसली. 14 मिनिटांत एक तुकडा 8.4 सेकंदांचा, म्हणजे 0.04 हे साधारण 34 वं सेकंद. (3 मिनिटांच्या व्हिडिओत तेच 34 वं सेकंद 0.19 ला येतं, म्हणून दोन्ही ग्राफ एकमेकांवर ठेवून बघण्यात अर्थ नाही.) तो भाग उघडला. मामा बांधावर उभे, "राम राम शेतकरी मित्रांनो", मग बागेचं वय, मग पावसाने यंदा कसं छळलं, मग चॅनल सबस्क्राइब करा. पेस्टिंगचा ब्रश पहिल्यांदा काडीला लागतो 1 मिनिट 20 सेकंदांनी. तिथून पुढे मात्र जो थांबला तो थांबला.

म्हणजे लांबी हा आजारच नव्हता.

आणखी एक जागा होती. 0.44 ला, म्हणजे 6 मिनिटं 10 सेकंदांना, लोक 0.34 वरून एकदम 0.41 झाले आणि तुलना 0.74. मी मामांना फोन करून सांगितलं, इथे तुम्ही कमाल केली. नंतर क्लिप पाहिली तर मामा तिथे औषधाचं प्रमाण सांगत होते, तेही मागून ट्रॅक्टर जात असताना. लोक मागे जाऊन जाऊन ऐकत होते आणि एकाच माणसाने दोनदा बघितलं की तो तुकडा दोनदा मोजला जातो. अशा टेकाडावरून व्हिडिओला शाबासकी द्यायची नाही, आजूबाजूचे सपाट आकडे बघायचे. आमचे ते चांगले होते, हे नशीब.

या तुलनेतही एक मेख आहे. "सारख्या लांबीचे" म्हणजे द्राक्षांचे नव्हे. त्यात गाणी, कीर्तनं, क्रिकेट, परभाषेतली स्वयंपाकघरं, सगळं आलं. म्हणून 0.5 ला मी पास-नापासची रेघ मानत नाही. माझ्याच एका व्हिडिओत कुठे घसरण आहे आणि कुठे चढण, एवढ्यापुरती ही तुलना वापरतो. दीडशे व्ह्यूजच्या व्हिडिओवर तर बघतच नाही, दोन-चार माणसांनी मागेपुढे केलं तरी आकडे नाचतात.

यंदाच्या छाटणीत पुन्हा साधारण 14 मिनिटांचाच व्हिडिओ केला. पहिल्या सेकंदाला हातमोजा घातलेला मामांचा हात, ब्रश आणि डोळा. औषधाचं प्रमाण स्क्रीनवर दहा सेकंद लिहून ठेवलं. 0.04 ला तुलना 0.31 वरून 0.49 झाली. प्रमाणाच्या जागचं टेकाड मात्र गेलं आणि तिथली तुलना 0.74 वरून 0.61 वर आली.

मामांनी विचारलं, "मग तिथं बिघडलं का?"

"नाही मामा, आता कुणाला मागं जावं लागत नाही."

त्यावर ते म्हणाले, "मग माझा राम राम तरी परत घे." घेतला. आता ब्रश फिरवता फिरवताच म्हणतात.