सोळा घरं बरोबर, गुणोत्तर चूक

"सर, दोन गुणांच्या क्रॉसमध्ये मी सोळाच्या सोळा घरं भरते. ९:३:३:१ तर पाठच आहे माझं. तरी उत्तर चुकतं. कुठं चुकते मी?"

बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेर. पनेट स्क्वेअरच्या वरच्या ओळीत आणि डावीकडच्या उभ्या रांगेत जी युग्मकं लिहायची असतात, ती चुकली की आतली घरं कितीही नीट भरा, उपयोग नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी बारावीच्या पोरांना संध्याकाळी जीवशास्त्र शिकवतो. दर वर्षी एक तरी वही अशी हाती येते, जिच्यात पट्टीनं आखलेली सुरेख चौकट असते, आणि तिच्या डोक्यावर वाटाण्याच्या दाण्याच्या आकाराची R, r आणि रंगाची Y, y अशी चार अक्षरं चार रकान्यांत सुटी बसवलेली असतात. R म्हणजे गोल, r सुरकुतलेला, Y पिवळा, y हिरवा.

अशाच एका वहीतल्या पहिल्याच घरात RR लिहिलेलं होतं. मी पोरीला विचारलं, "हा दाणा गोल आहे, कबूल. पण पिवळा की हिरवा?" ती बराच वेळ वहीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "याले तं रंगच नाई न जी, सर."

तिला तिची चूक तिथंच सापडली. परागकण असो की अंडपेशी, प्रत्येक युग्मकात आकाराचं एक आणि रंगाचं एक अशी दोन अक्षरं असायलाच हवीत. RrYy या झाडाची युग्मकं चारच प्रकारची होतात: RY, Ry, rY आणि ry. अशी दोन युग्मकं एकत्र आली की घरात चार अक्षरं येतात, दोन R जातीची आणि दोन Y जातीची. घरात दोनच अक्षरं दिसली, किंवा तीन R आणि एक Y दिसला, की पुढं मोजत बसू नका. वरचे मथळे खोडा आणि पुन्हा लिहा.

आता R बरोबर Y जाणार की y, हे कोण ठरवतं? कोणीच नाही, आणि स्वतंत्र वाटप म्हणतात ते हेच. युग्मकं तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या पेशीच्या मध्यावर येतात आणि प्रत्येक जोडीतलं एक इकडं, एक तिकडं जातं. एका जोडीनं तोंड कुठं केलंय याची दुसऱ्या जोडीला खबर नसते. वाटाण्यात दाण्याचा आकार ठरवणारं जनुक एका गुणसूत्रावर आहे आणि रंगाचं दुसऱ्यावर. म्हणून चारही प्रकारची युग्मकं सारख्याच प्रमाणात होतात.

हे फळ्यावर सांगून कोणाच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून मी दोन गंज मांडतो. (आमच्याकडं पातेल्याला गंज म्हणतात.) पहिल्या गंजात वाळलेले गोल वाटाणे म्हणजे R, आणि तेवढेच हरभरे म्हणजे r, कारण हरभरा मुळातच जरा सुरकुतलेला. दुसऱ्या गंजात सोयाबीन म्हणजे पिवळा Y, आणि तेवढेच मूग म्हणजे हिरवा y. डोळे मिटून दोन्ही गंजांतून एकेक दाणा काढायचा, की झालं एक युग्मक. दाणे परत टाकायचे, हलवायचं आणि पुन्हा तसंच काढायचं, म्हणजे दुसरं युग्मक. दोन्ही मिळून एक संतती. एकानं काढायचं, दुसऱ्यानं लिहायचं.

पहिल्या वर्षी हा खेळ साफ फसला. चौसष्ट संततींत हिरव्या सोळाच्या आसपास यायला हव्या होत्या, आल्या सहा. पोरं म्हणाली, नियमच खोटा आहे. मी आधी आकार वेगळा मोजला. गोल सत्तेचाळीस, सुरकुतलेले सतरा, म्हणजे तिनास एकच्या जवळ. मग रंग वेगळा मोजला. पिवळे अठ्ठावन्न, हिरवे सहा. भानगड रंगाच्याच गंजात होती. गंज हलवला की बारीक मूग तळाशी बसत होते आणि पोरांच्या बोटांना वरचं टपोरं सोयाबीनच लागत होतं. मेंडेलचा काही दोष नव्हता, दोष मुगाचा होता. तेव्हापासून मूग बंद. निम्म्या सोयाबीनलाच हिरवा रंग देतो आणि वाळवून वापरतो.

पण त्या फसलेल्या संध्याकाळनं मला एक सवय लावली आणि आता पोरांनाही मी तीच लावतो. दोन गुणांचा प्रश्न आला की आधी एकेक गुण सुटा करायचा. गेल्या वर्षी मी दिलेलं गणित घ्या: RrYy झाडाचा Rryy झाडाशी संकर. अर्ध्या वर्गानं चौकट न काढताच ९:३:३:१ लिहून टाकलं. पाठांतराचा हाच घोटाळा असतो. ते गुणोत्तर दोन्ही पालक RrYy असतील तरच येतं. इथं दुसऱ्या पालकाकडं Y नाहीच.

सुटं करून बघा. आकाराला Rr गुणिले Rr, म्हणून गोल तीन, सुरकुतलेला एक. रंगाला Yy गुणिले yy, म्हणून पिवळा एक, हिरवा एक. आता जोडा. चार दाण्यांपैकी तीन गोल आणि त्यांतले अर्धे पिवळे, म्हणजे गोल पिवळ्यांचा वाटा आठात तीन. गोल हिरव्यांचाही तेवढाच. सुरकुतलेले पिवळे आठात एक आणि सुरकुतलेले हिरवे आठात एक. उत्तर ३:३:१:१. चौकटीतही हेच येतं, आणि तिला सोळा घरंही लागत नाहीत, कारण Rryy ला युग्मकं दोनच प्रकारची:

```
       Ry     ry
RY    RRYy   RrYy
Ry    RRyy   Rryy
rY    RrYy   rrYy
ry    Rryy   rryy
```

एका पोरानं हट्टानं सोळाच घरं काढली होती. वर Ry, Ry, ry, ry असं दोनदोनदा लिहून. त्याला ६:६:२:२ मिळालं आणि तो घाबरला. घाबरण्यासारखं काही नाही, दोनानं भागलं की तेच. जास्तीची घरं काढल्यानं शाई जाते, मार्क जात नाहीत.

आता खेळाकडं परत येतो, कारण खरी गंमत तिथं आहे. रंगवलेलं सोयाबीन वापरून पुढच्या वर्षी पोरांनी पुन्हा चौसष्ट संतती काढल्या. गोल पिवळे ३९, गोल हिरवे ११, सुरकुतलेले पिवळे १२ आणि सुरकुतलेले हिरवे २. हिशोबानं ३६, १२, १२ आणि ४ यायला हवे होते. "सर, चारच्या जागी दोनच काऊन?" हा प्रश्न लगेच आला.

कारण सोळा घरं म्हणजे सोळा दाणे नव्हेत. प्रत्येक दाणा कोणत्या घरातून येईल याची शक्यता तेवढी चौकट सांगते, आणि दर दाण्याला चिठ्ठी नव्यानं निघते. मी हिशोब मांडून दाखवला. सोळाच दाणे घेतले, तर त्यांत नेमके ९, ३, ३ आणि १ असे येण्याची शक्यता शंभरात जेमतेम अडीच आहे. म्हणजे चाळीस पोरांनी सोळा-सोळा दाणे काढले, तर पाठ केलेलं गुणोत्तर एखाद्यालाच जसंच्या तसं मिळेल. आणि सोळांत सुरकुतलेला हिरवा दाणा एकही न येण्याची शक्यता शंभरात पस्तीसहून थोडी जास्त. ज्याच्या वहीत सोळा दाण्यांत तंतोतंत ९:३:३:१ येतं, त्यानं दाणे काढले नाहीत असं मी सरळ धरून चालतो.

मेंडेलनं १८६६ मध्ये छापलेले आकडे बघितले की हे अजून पटतं. १५ झाडांवरून त्याला ५५६ दाणे मिळाले: गोल पिवळे ३१५, सुरकुतलेले पिवळे १०१, गोल हिरवे १०८, सुरकुतलेले हिरवे ३२. चोख गुणोत्तर त्यालाही आलं नाही, पण जवळ आलं. आणि इथंही आकार सुटा मोजा: ४२३ गोल, १३३ सुरकुतलेले. रंग सुटा मोजा: ४१६ पिवळे, १४० हिरवे. दोन्हीकडं तिनास एकच्या जवळपास.

जाता जाता, हे दाणे मोजायला पुढचं पीक पेरावं लागत नाही. RrYy झाडाच्या शेंगेतले दाणे हीच त्या झाडाची संतती. एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले, पिवळे आणि हिरवे शेजारी शेजारी बसलेले असतात. पोरं इथं एक पिढी चुकतात.

सुटं मोजून दोन्ही गुण बरोबर निघाले आणि एकत्र मोजल्यावर गुणोत्तर बिघडलं, तर मात्र मोजणाऱ्याला दोष देऊ नका. ज्याच्या नावानं ही चौकट ओळखली जाते, त्या रेजिनाल्ड पनेटलाच ते दिसलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटसन, सॉन्डर्स आणि तो स्वीट पीच्या फुलांवर काम करत होते. जांभळा रंग आणि लांब परागकण प्रभावी, लाल रंग आणि गोल परागकण अप्रभावी. ६९५२ झाडांपैकी जांभळी-लांब ४८३१, जांभळी-गोल ३९०, लाल-लांब ३९३ आणि लाल-गोल १३३८. रंग सुटा घेतला तर ५२२१ जांभळी आणि १७३१ लाल, म्हणजे तिनास एक. परागही तसेच. पण जोडून बघा. ९:३:३:१ प्रमाणे लाल-गोल सव्वाचारशे-साडेचारशेच्या आत यायला हवी होती, आली १३३८. आणि जांभळी-गोल तेराशेच्या घरात हवी होती, तिथं चारशेही नाहीत. आजोबांच्या पिढीतल्या जांभळा-लांब आणि लाल-गोल या जोड्या नातवंडांतही पुष्कळदा एकत्रच राहिल्या होत्या. दोन्ही जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असल्यामुळं ती स्वतंत्र वाटली जात नाहीत. हे उलगडायला पुढं काही वर्षं गेली.

अशा ठिकाणी चारही युग्मकं सारख्या प्रमाणात होत नाहीत, म्हणून नेहमीची चौकट चालत नाही. माझ्या गंजात हे दाखवायचं तर वाटाणा आणि सोयाबीन दोऱ्यानं एकत्र बांधावे लागतील, आणि मधूनमधून एखादा दोरा तुटावा लागेल.

रंग नसलेला दाणा काढणाऱ्या त्याच पोरीनं परवा विचारलं, "सर, मले एक तरी सुरकुतलेला हिरवा दाणा पाह्यचाच असन, तं किती दाणे काढू?" मी म्हटलं, खात्री कधीच नाही, पण शंभरात पंचाण्णव इतका भरवसा हवा असेल तर १५/१६ ला स्वतःनं किती वेळा गुणलं की उत्तर ०.०५ च्या खाली जातं ते काढ. दुसऱ्या दिवशी वहीत उत्तर होतं: ४७. खाली तिनं काढलेल्या दाण्यांच्या रेघाही होत्या. तिला तो एकविसाव्याच दाण्याला मिळाला होता.