यूपीएनपी चालू, पोर्टही उघडा, तरी नॅट स्ट्रिक्टच

जुळे सोलापुरात फायबर घेतलं, स्पीड झकास, पण एक्सबॉक्सवर नॅट टाइप कायम स्ट्रिक्ट. नॅट म्हणजे अनेक यंत्रांना एकाच आयपीमागून नेटवर नेणारी सोय; ती स्ट्रिक्ट असली की बाहेरून येणारी जोडणी अडते. पुण्यातल्या मित्राचा मॉडरेट. स्ट्रिक्टवाला फक्त ओपनवाल्याशी नीट जोडला जातो, त्यामुळे पार्टीत मला त्याचा आवाज येईना आणि त्याला माझा.

राउटरमध्ये यूपीएनपी चालू केलं, म्हणजे कन्सोलला लागणारे पोर्ट राउटर आपोआप उघडतो. एक्सबॉक्सला 192.168.1.50 हा आयपी पक्का बांधून दिला आणि यूडीपी 3074 पोर्ट त्याच्याकडे वळवला. सगळं बरोबर, फरक शून्य.

शेवटी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीकडून राउटरला मिळालेला आयपी, पाहिला: 100.72 ने सुरू होणारा. ब्राउझरमध्ये 'माय आयपी' शोधल्यावर दिसला तो वेगळाच. इथंच सगळा उलगडा झाला. 100.64 ते 100.127 हा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या सीजीनॅटसाठी राखीव आहे. म्हणजे कंपनी एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटते. आपण आपल्या फ्लॅटचं दार उघडं ठेवलं, पण कुरिअरवाला सोसायटीच्या गेटवरच अडतो, तसं. यूपीएनपी फक्त आपल्या राउटरला सांगतं. कंपनीच्या नॅटवर त्याची मात्रा चालत नाही.

आता हे कंपनीला कोण समजावणार? फोनवर ठरलेलं उत्तर, "सर, राउटर रिस्टार्ट करा." ऑफिसात गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "स्पीड येतंय की तुमचं, मग प्रॉब्लेम काय?" त्यानं स्पीड टेस्ट लावून दाखवली. मी नॅट म्हणालो की तो नेट ऐकायचा. मग लाइनमन आला आणि राउटरच बदलून गेला. माझी सगळी सेटिंग गेली, वॅन आयपी पुन्हा 100 चाच! डोकं फिरलं बे.

काम झालं ते तिथल्या नेटवर्क बघणाऱ्या माणसाशी बोलल्यावर. त्याला एवढंच म्हणालो, "सीजीनॅटमधून काढून पब्लिक आयपी द्या." तो लगेच समजला. जादा पैसे पडले, पण राउटर चालू केल्यावर वॅन आयपी आणि ब्राउझरमधला आयपी एकच दिसला, आणि नॅट ओपन.

वॅन आयपी 192.168 ने सुरू होत असेल तर बहुधा कंपनीचं फायबरचं डबडं आणि तुमचा राउटर असे दोन नॅट आहेत. तेव्हा पब्लिक आयपी मागण्याआधी ते डबडं ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे त्याचं नॅट बंद होऊन फक्त तुमच्या राउटरचं उरेल.

आणि हो, पब्लिक आयपी मिळाला की राउटरचं रिमोट मॅनेजमेंट बंद करा, पासवर्ड बदला. घरात दोन कन्सोल असतील तर हातानं दिलेला 3074 काढून यूपीएनपीच ठेवा, कारण तो पोर्ट एकाच यंत्राकडे जातो. पिंग मात्र होता तेवढाच राहिला. गेमचा सर्व्हर लांब असेल तर त्याला नॅट काय करणार?