आमची वाटचाल: सहा खुर्च्या, सहा पीएफ खाती

वडिलांच्या वेळी आमच्या सलूनच्या दुकानात सगळे कारागीर टक्क्यावर काम करायचे. अर्धे कारागिराचे, अर्धे गल्ल्यात. रजा घेतली की त्या दिवसाचे पैसे गेले आणि दिवाळीला मालकाच्या मनात येईल ते पाकीट. पुढे मी पगार अधिक इन्सेंटिव्ह अशी पद्धत आणली. तिथवर सगळं ठीक चाललं होतं.

मग समोरच्या इमारतीत एक मोठी साखळी आली. काचेचा दर्शनी भाग, एसी, कॉफी. ऐन लग्नसराईच्या तोंडावर माझे दोन सर्वांत तयार हात त्यांनी उचलले, तेही तगडी उचल देऊन. त्यातल्या एकाला वस्तरा धरायला मी शिकवलं होतं. जाताना त्याने माझी जुनी जपानी पोलादाची कात्रीही नेली. ती नीट धार लावून आणली की ओल्या केसावर आवाजसुद्धा न करता चालायची. कात्रीचं दुःख मला आजही माणसापेक्षा थोडं जास्तच आहे. दोघांच्या मागे गिऱ्हाईकं गेली, शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि दोन महिन्यांचं भाडं थकलं.

पगाराच्या बोलीत आपण साखळीला हरवू शकत नाही. आमचे एक काका आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले, दर तिसऱ्या रविवारी कटिंगला येतात. अंगावर एप्रन असतानाच ते म्हणाले, "अरे, पगार कुणीही वाढवेल. तू पीएफ दे." मी म्हटलं, "काका, वीस माणसांखाली तो लागूच होत नाही." ते म्हणाले, "लागू होत नाही, पण घेता येतो ना!"

खरंच घेता येत होता. मालक आणि बहुसंख्य कामगार दोघांची संमती असेल तर छोट्या दुकानालाही स्वेच्छेने पीएफ लागू करून घेता येतो. अडचण कारागिरांचीच निघाली. "हातात पैसे कमी येतील," हे सगळ्यांचं एकच वाक्य. म्हणून मी आधी सर्वांचा पगार 15,000 केला आणि मग विषय काढला. इन्सेंटिव्ह कमिशन असल्याने पीएफच्या हिशेबात धरलं नाही.

काकांनी बिलाच्या पाठीवर मांडलेला हिशेब असा. सहा जणांचा पगार 90,000. वीसपेक्षा कमी माणसं असली तर वर्गणी 12 नाही, 10 टक्के: म्हणजे मालकाचे 9,000, तितकेच कामगारांचे. त्यावर अर्धा टक्का विम्याचा, म्हणजे 450, आणि प्रशासकीय खर्च किमान 500. माझ्या खिशातून 9,950. त्या अर्ध्या टक्क्यात कामगार नोकरीत असताना गेला तर घरच्यांना सात लाखांपर्यंत विमा मिळतो, हे मला माहीतच नव्हतं.

आजारपणाचा सरकारी विमा, म्हणजे ईएसआय, दहा माणसांखाली आम्हाला मिळत नव्हता. म्हणून पंतप्रधानांच्या दोन विमा योजनांचा हप्ता मी भरतो: जीवनाचे 436 आणि अपघाताचे 20, वर्षाला माणशी 456. आजारपणाचं मात्र यात काही नाही. दिवसभर उभं राहून पायाच्या शिरा फुगतात, रंगाने हात सोलवटतात, त्याला हा विमा कामाचा नाही.

बोनस म्हणजे एक पगार. तो दिवाळीत शोधायचा नाही. महिन्याला 7,500 वेगळ्या खात्यात टाकायचे, म्हणजे बाराव्या महिन्यात 90,000 तयार. श्रावणात आणि पितृपक्षात गल्ला पडतो, आणि लगेच मागे दिवाळी. त्यामुळे ते खातं गल्ल्याजवळ ठेवू नका.

सगळं मिळून महिन्याचे साधारण 17,700. दिवसाला चाळीस डोकी, महिन्याचे सव्वीस दिवस, कटिंगला 20 रुपये वाढवले की 20,800 येतात. सात-आठ गिऱ्हाईकांनी तोंड वाकडं केलं. काकांनी नाही केलं.

रजेचं सर्वांत अवघड. शनिवार-रविवार आणि लग्नाचे मुहूर्त सोडून भरपगारी रजा, आणि एका दिवशी एकच खुर्ची रिकामी, एवढा नियम भिंतीवर लावला. नाव पेन्सिलने वहीत लिहायचं, पहिला लिहिणारा जिंकला. उरलेली रजा मार्चमध्ये पैशांत देतो, म्हणून आता खोट्या तापाचे फोन येत नाहीत.

नवीन दुकानदाराला एक सांगतो, विचारलं नसलं तरी. माणूस घेताना आधार कार्डावरचं नाव आणि जन्मतारीख आधी बघा. एका कारागिराचं आडनाव कार्डावर वेगळं होतं, म्हणून त्याचा पीएफचा कायमचा नंबर, म्हणजे यूएएन, अडकला आणि त्याची वर्गणी भरता येईना. पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत जायलाच हवेत, नाहीतर व्याज आणि दंड दोन्ही. आणि पगारातून कापलेले पैसे भाड्याला वापरायचे नाहीत, कितीही ओढ लागली तरी.

समोरच्या साखळीतून माझे ते दोघे गेल्या वर्षी सुटले. एक परत विचारायला आला होता. घेतला. कात्री अजून आणलेली नाही.