सेक्टर रोटेशनची शीट, अपडेट: 2008 चा डेटा भरून झाला

मंडळी, सेक्टर रोटेशन म्हणजे तेजी-मंदीच्या चक्राप्रमाणे पैसे एका क्षेत्राच्या शेअर्समधून दुसऱ्यात हलवणं, त्यासाठी मागे म्हटलं होतं तसं बीएसईच्या सेक्टर इंडेक्सचे महिनाअखेरचे क्लोज शीटमध्ये टाकलेत, आणि सुरुवात मुद्दाम 2008 पासून केली कारण सायकल इतकी स्वच्छ क्वचितच दिसते. त्या वर्षात सेन्सेक्स 20,287 वरून 9,647 वर आला, रिअल्टी 80 टक्क्यांच्यावर साफ, मेटल 70 च्या वर, आणि साबण-बिस्किटांसारख्या रोजच्या वस्तूंचा एफएमसीजी फक्त 15 च्या आसपास पडला.

आता असं का, तर लोक मंदीत साबण वापरतच राहतात हे सगळेच सांगतात, पण ते अर्धंच उत्तर आहे, खरी गंमत फिक्स्ड खर्चात आहे. एक काल्पनिक साबणवाली कंपनी घ्या, विक्री 100, मालाचा खर्च 60, फिक्स्ड 25, नफा 15. विक्री 3 टक्के घटली तर मालाचा खर्चही तेवढाच घटतो आणि नफा उरतो 13.80, म्हणजे 8 टक्के कमी, चालतंय. आता स्टीलवाली, विक्री 100, मालाचा खर्च 50, फिक्स्ड आणि व्याज मिळून 40, नफा 10. स्लोडाऊनमध्ये गाड्या, बांधकाम सगळं पुढे ढकललं जातं, विक्री 20 टक्के घटली, माल 40 चा लागला पण भट्टी आणि बँक थांबत नाहीत, ते 40 तसेच, नफा शून्य! वर स्टीलचा भाव पडला तर तो थेट तोटा, तो तर मी धरलाच नाहीये.

शीटमध्ये नुसता इंडेक्स बघून काही कळत नाही म्हणून रेशो ठेवलाय, एफएमसीजी भागिले सेन्सेक्स, `=B2/C2`. दोन्ही 100 वर सुरू केले तर 2008 अखेर साधारण 85 आणि 48, रेशो 1.77. म्हणजे एफएमसीजीसारखे मंदीत कमी पडणारे डिफेन्सिव्ह शेअर घेऊनही पैसे गेलेच, फक्त कमी गेले, हे नव्या लोकांनी नीट वाचा.

आयटीला बरेच जण डिफेन्सिव्ह धरतात पण 2008 मध्ये तो सेन्सेक्सच्या बरोबरीनेच पडला, गिऱ्हाईकच अमेरिकन बँका होत्या ना.

डिफेन्सिव्हमधून बाहेर कधी पडायचं हा भाग मात्र अवघड. आरबीआयने बँकांना कर्ज देण्याचा दर, म्हणजे रेपो रेट, ऑक्टोबर 2008 मध्ये 9 वरून 8 केला, पुस्तकी नियमाने तिथेच मेटलसारखे तेजी-मंदीबरोबर जोरात वरखाली होणारे सायक्लिकल शेअर घ्यायला हवे होते, पण मार्केटचा तळ लागला मार्च 2009 मध्ये आणि मधले काही महिने नुसती घासाघीस. 2009 मध्ये मेटल तिपटीच्या वर गेला, सेन्सेक्स 81 टक्के वाढला, एफएमसीजीही वाढला पण मागेच राहिला आणि रेशो खाली आला. मी सध्या रेशो त्याच्या सहा महिन्यांच्या सरासरीखाली दोन महिने टिकला की अर्धे पैसे सायक्लिकलमध्ये, असा नियम लावून बघतोय, तळ हुकतो पण खोट्या उसळीत अडकायची शक्यता कमी होते. पुढचा टप्पा 2020, तिथे फार्मा वेगळा काढणार आहे.