किडनी धडधाकट, तरी लघवी बंद

मेडिसिनला रेसिडेन्सी करताना सिरोसिसचे, म्हणजे लिव्हर कडक होऊन बिघडलेले पेशंट खूप बघितले, पण हेपॅटोरीनल सिंड्रोम, म्हणजे लिव्हरमुळे किडनी बंद पडणं, ज्याला आम्ही एचआरएस म्हणतो, ते काय ते मला नीट कळलं ते एका पेशंटमुळे. वय पन्नाशीच्या आतलं, दारूमुळे लिव्हर गेलेलं, पोट पाण्याने टम्म फुगलेलं, डोळे पिवळे, हातपाय मात्र काडीसारखे. गावाकडच्या एका दवाखान्यात चार दिवस आधी पोटातून आठ लिटर पाणी काढलं होतं, त्याने बरंही वाटलं होतं, पण अल्ब्युमिन, म्हणजे पाणी रक्तात धरून ठेवणारं प्रोटीन, शिरेतून काही दिलं नव्हतं. नंतर लघवी कमी कमी होत गेली आणि आमच्याकडे आले तेव्हा दिवसभरात जेमतेम 300 मिली होत होती. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा, 2.4, महिन्याभरापूर्वीच्या रिपोर्टवर 0.9 होतं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि या माणसाच्या अंगावर स्नायूच उरले नव्हते, म्हणजे 2.4 हा आकडा दिसतो त्यापेक्षा किडनीची अवस्था बरीच वाईट होती.

त्यांची बायको पहिल्याच रात्री म्हणाली, "डॉक्टर, लघवी होत नाही तर सलाईन लावा ना दोन-तीन, गावाला तर लगेच लावतात." मी म्हटलं, "ताई, सलाईनमधलं मीठ यांच्या अंगात थांबतं आणि पाणी परत पोटातच जातं." एका लिटर नॉर्मल सलाईनमध्ये 9 ग्रॅम मीठ असतं, आणि या पेशंटला दिवसभराच्या जेवणात आपण साधारण 5 ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. जिथे खरंच जुलाब-उलट्यांनी पाणी गेलंय तिथे सलाईन द्यावंच लागतं, पण इथे अंगात पाण्याची कमी नव्हतीच, ते चुकीच्या जागी होतं.

मग नेमकं होतं काय? लिव्हर कडक झाल्यावर पोर्टल शिरेतलं प्रेशर वाढतं आणि नायट्रिक ऑक्साइडसारख्या द्रव्यांमुळे आतड्याकडच्या धमन्या सैल पडतात. बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावरचे सगळे नळ उघडे ठेवले की वर पाणी चढत नाही, तसंच हे. रक्त आहे, पण धमन्यांमधलं प्रेशर पडलेलं. शरीराला वाटतं रक्तच कमी झालं, म्हणून ते रेनिन, अल्डोस्टेरॉन, अॅड्रेनलिन सगळं जोरात सोडतं आणि त्याने किडनीच्या धमन्या आवळल्या जातात. किडनी स्वतः बहुतेक शाबूत असते. 1969 मध्येच हे दिसलं होतं, या आजाराने गेलेल्या लोकांच्या किडन्या दुसऱ्यांना बसवल्या आणि त्या चालल्या. आठ लिटर पाणी अल्ब्युमिनशिवाय काढलं की आधीच सैल असलेलं हे रक्ताभिसरण अजून कोलमडतं, म्हणूनच मोठ्या टॅपला, म्हणजे सुईने पोटातलं खूप पाणी काढताना, काढलेल्या प्रत्येक लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन द्यायचं असतं.

पण टॅप झाला, लघवी घटली, म्हणजे एचआरएसच असं लगेच म्हणता येत नाही. सिरोसिसमध्ये किडनी बिघडायची नेहमीची कारणं तीन, पाणी कमी पडणं, किडनीच्या नळ्यांना इजा म्हणजे एटीएन, आणि एचआरएस, आणि तिघांची ट्रीटमेंट वेगळी. मॅडमनी राउंडला आधी विचारलं, "डायग्नोस्टिक टॅप केला का?" केला होता, पोटातल्या पाण्यात न्यूट्रोफिल 90, म्हणजे इन्फेक्शन नाही. 250 किंवा त्याच्या वर असते तर सगळी गाडी दुसरीकडे वळली असती, आधी अँटिबायोटिक आणि त्याचं वेगळं अल्ब्युमिन. पेनकिलर घेतल्या का हे बायकोला तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं, कारण अंगदुखीची गोळी कोणी औषधात धरतच नाही. घेतल्या नव्हत्या. सोनोग्राफीत किडन्या नॉर्मल, लघवीत प्रोटीन नाही, लाल पेशी नाहीत. मायक्रोस्कोपखाली मातकट तपकिरी कास्ट, म्हणजे नळ्यांच्या आकाराचे साचे, दिसले असते तर एटीएनकडे बोट गेलं असतं, ते नव्हते. लघवीतलं सोडियम 8, म्हणजे किडनी मीठाचा कण कण धरून बसलेली, नळ्या काम करतायत. मात्र एवढ्या एका आकड्यावर भिस्त ठेवू नये, पाणी कमी पडलं तरी सोडियम असंच खाली जातं.

तो फरक करायला अल्ब्युमिनच लागतं. फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी औषधं बंद केली आणि अल्ब्युमिन वजनाच्या किलोमागे 1 ग्रॅम रोज, वजन साधारण 60 किलो म्हणून 60 ग्रॅम, म्हणजे 20 टक्केवाल्या 100 मिलीच्या तीन बाटल्या. दिवसाला 100 ग्रॅमच्या वर जायचं नाही. नुसतं पाणी कमी पडलेलं असतं तर यानेच क्रिएटिनिन उतरलं असतं. तेव्हा नियम पूर्ण दोन दिवस थांबायचा होता, 2024 मध्ये तो बदलला, आता 24 तासांत अंदाज घेऊन पुढे जाता येतं आणि मला हे फार बरं वाटतं, कारण क्रिएटिनिन जितकं वर जाईल तितकं औषध कमी लागू पडतं. आमच्या पेशंटचं दोन दिवसांनी 2.8 झालं. म्हणजे एचआरएस.

एचआरएसवरचं औषध टर्लिप्रेसिन सुरू करायच्या आधी ईसीजी काढला, बोटांचं रक्ताभिसरण बघितलं आणि ऑक्सिजन बघितला, 97 होता. 90 च्या खाली असता तर हे औषध दिलं नसतं. 1 मिलिग्रॅम दर सहा तासांनी, हळू शिरेतून, सोबत अल्ब्युमिन रोज 40 ग्रॅम. हे औषध आतड्याकडच्या त्या सैल धमन्या आवळतं, प्रेशर वर येतं आणि किडनीला पुन्हा रक्त मिळतं. नुसतं अल्ब्युमिन देऊन भागत नाही, कारण नळ उघडेच राहतात. आमच्याकडे मीन प्रेशर, म्हणजे सरासरी ब्लड प्रेशर, 66 वरून दोन दिवसांत 80 च्या पुढे गेलं. दोन-तीनदा पातळ जुलाब झाले, पोटात कळा आल्या, हे औषधामुळे होतंच, पण बोटं निळी पडली किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबवायचं हे सिस्टरला लिहूनच दिलं होतं.

चौथ्या दिवशी क्रिएटिनिन 2.5, म्हणजे उतार हवा तेवढा नाही, 25 टक्के तरी उतरायला हवं होतं. डोस 2 मिलिग्रॅम दर सहा तासांनी केला. सहाव्या दिवशी सकाळी लघवी 900 मिली, क्रिएटिनिन 1.9, सगळे खूश, आणि संध्याकाळी श्वास जरा भरभर चाललेला, सॅच्युरेशन 92, छातीच्या तळाशी चुरचुर आवाज. अल्ब्युमिन तिथेच बंद केलं, फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन दिलं, रात्री टर्लिप्रेसिनचा एक डोस रोखून धरला. 2021 ला आलेल्या कन्फर्म नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये हेच दिसलं होतं, टर्लिप्रेसिनने जास्त जणांची किडनी सुधारली, 32 टक्के, तर हे औषध न मिळालेल्यांत 17, पण श्वास निकामी होऊन जाणारेही त्याच बाजूला जास्त होते. अल्ब्युमिन पाणी रक्तात ओढतं, औषध हृदयावरचा भार वाढवतं, दोन्ही मिळून फुफ्फुसं भरतात. म्हणून रोज छाती ऐकायची, अल्ब्युमिन आज खरंच हवंय का हे रोज नव्याने ठरवायचं, कालची ऑर्डर पुढे ढकलायची नाही.

दुसऱ्या दिवशी श्वास सुधारला, औषध परत सुरू केलं, अल्ब्युमिनशिवाय. मध्ये भाऊ येऊन म्हणाला, "डायलिसिस करून टाका ना, पैशाचं बघू." त्याला बसवून सांगितलं की डायलिसिसने रक्त साफ होईल पण लिव्हर तीच राहील, त्यामुळे ते मुख्यतः लिव्हर बदलायची सोय होईपर्यंतचा पूल म्हणून वापरतात. दहाव्या दिवशी क्रिएटिनिन 1.1 झालं, टर्लिप्रेसिन थांबवलं.

डिस्चार्ज कार्डवर मी तीन गोष्टी मोठ्या अक्षरात लिहिल्या, पेनकिलर नाही, टॅप करायचा तर अल्ब्युमिनसोबतच, आणि आठवड्याने क्रिएटिनिन. ट्रान्सप्लांट सेंटरला रेफरल त्याच दिवशी दिला, कारण औषध बंद केल्यावर हे परत उलटू शकतं आणि कायमचा इलाज लिव्हर बदलणं हाच आहे. आठवड्याने बायको रिपोर्ट घेऊन आली, क्रिएटिनिन 1.2. तिने सांगितलं की दारू घरात येऊ देत नाही आणि सेंटरची पहिली तारीख मिळालीय.